पाटी स्थिर, पदर हलता: जुन्या फोटोचा पाच सेकंदांचा व्हिडिओ कसा करावा

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलमधल्या पडद्यावर घरचे जुने फोटो दाखवायचे ठरले, तेव्हा त्यातला एक फोटो हलता करायचं काम माझ्याकडे आलं. फोटो १९६६ सालचा आहे, नारायण पेठेतल्या आजोबांच्या सायकलच्या दुकानासमोर काढलेला. डावीकडे आजोबा, म्हणजे आत्याचे नाना, उभे आहेत, काळी टोपी घालून, एक हात सायकलच्या हँडलवर. उजवीकडे ओट्यावर आजी बसली आहे, नऊवारीत, ओठ मिटून. वर पाटी आहे, ‘सायकली भाड्याने मिळतील’, आणि उजव्या कोपऱ्यात पिंपळाची एक फांदी डोकावते.

पहिल्या प्रयत्नात मी फोटो एआयने फोटोचा व्हिडिओ करून देणाऱ्या एका वेबसाइटवर चढवला आणि ‘आजी हसते’ एवढंच इंग्रजीत लिहिलं. दोन मिनिटांत व्हिडिओ आला. आजी माझ्याकडे बघून छान हसली. मी तो लगेच आत्याला दाखवला. तिने एकदा पाहिला, परत लावायला सांगितला आणि म्हणाली, “हे दात आईचे नाहीत गं. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती.”

त्या फोटोत आजीचे दात कुठेच नाहीत. टूलला ते कुठून कळणार? तोंड उघडायला सांगितलं म्हटल्यावर आत काहीतरी दाखवणं भागच होतं, आणि त्याने कुणाचे तरी सरळ, पांढरे दात बसवले. पुढचं सगळं काम मी त्या एका वाक्यावरून ठरवलं: फोटोत जे दिसतच नाही, ते उघडं पडेल अशी हालचाल मागायची नाही.

कुठली हालचाल मागावी

ही टूलं आतून काय करतात ते थोडं समजलं की हा नियम आपोआप पटतो. मॉडेल असंख्य व्हिडिओंवर शिकलेलं असतं. आपला फोटो त्याला पहिली फ्रेम म्हणून मिळतो. पुढच्या सगळ्या फ्रेम ते निव्वळ गोंगाटातून, म्हणजे टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तशा ठिपक्यांतून, टप्प्याटप्प्याने साफ करत घडवतं. आणि प्रत्येक टप्प्यावर ‘अशा चित्रानंतर साधारणपणे काय दिसतं’ याकडे झुकतं. फोटोतली माणसं, वाडा, सायकल त्याला ओळखीची नसतात. त्याला माहीत असतं ते एकूण माणसांचं, भिंतींचं आणि सायकलींचं वागणं.

म्हणून फोटो हातात घेऊन एकेका गोष्टीला विचारायचं, ही हलली तर मागचं काय उघडं पडेल? आजोबांनी मान वळवली तर त्यांचा कान आणि गालाची दुसरी बाजू दिसेल, जी फोटोत नाही. त्यांनी हँडलवरचा हात उचलला तर तळहात दिसेल आणि हाताखाली झाकलेला हँडलचा तुकडाही. कॅमेरा बाजूला सरकला तर दुकानाच्या फळ्यांमागचं आतलं सगळं रचावं लागेल, आणि ते दुकान आजोबांचं राहणार नाही. याउलट पिंपळाची पानं थरथरली तर पानांमागे पानंच असतात. पदराचं टोक बोटभर उचललं गेलं तर खाली लुगडंच दिसतं. पापणी मिटली तर फक्त पापणीची कातडी रचावी लागते, आणि पापणीवरून आपण कुणाला ओळखत नाही. धूर, वाफ, पाणी, समईची ज्योत, कापड, पानं यांच्या बाबतीत टूल चुकलं तरी ते आपल्या लक्षात येत नाही, कारण यांतलं काहीच दोनदा सारखं हलत नाही.

सायकलचं चाक फिरवायचा मोह मलाही झाला होता. दुकानच सायकलचं, तेव्हा चाक फिरायलाच हवं असं वाटलं. पण त्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, आणि फोटोत प्रत्येक तार केसाएवढी बारीक. चाक फिरू लागलं की एका फ्रेममधली कुठली तार पुढच्या फ्रेममधली कुठली, हे टूलला धरून ठेवता येत नाही. चाकात तारांऐवजी करडं जाळं लकाकत राहतं आणि दोन सेकंदांनी कड अंड्यासारखी लांबुळकी होते. मी चाक स्थिर ठेवलं.

स्कॅन आणि साफसफाई

अर्धं काम टूल उघडण्यापूर्वीचं आहे. फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करावा. मोबाइलने काढलेल्या फोटोत चमक आणि कडांचा तिरपेपणा येतो. अगदी इलाज नसेल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावा. पोस्टकार्ड आकाराच्या माझ्या फोटोचा चित्राचा भाग साडेपाच बाय साडेतीन इंच होता, म्हणजे स्कॅन ३३०० बाय २१०० पिक्सेलचा आला.

फोटो सेपिया झाला असेल तर तो आधी पूर्ण राखाडी करून घ्यावा. पिवळट फोटो तसाच दिला तर पहिली फ्रेम पिवळट राहते आणि पुढे हळूहळू लुगड्यावर हिरवट, भिंतीवर निळसर झाक चढू लागते, कारण टूलचा कल रंगीत जगाकडे असतो. सेपिया हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी, तयार व्हिडिओवर चढवता येतो.

मग धूळ. स्कॅनमधला पांढरा ठिपका आपल्याला धूळ वाटतो; टूलला ती हवेत तरंगणारी वस्तू वाटू शकते. माझ्या एका टेकमध्ये आजोबांच्या टोपीजवळचा ठिपका माशीसारखा उडत बाहेर गेला. उभा ओरखडा असेल तर त्याची तार किंवा दोरी होते आणि ती वाऱ्यावर हलते. GIMP या फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममधल्या हील टूलने असे ठिपके एकेक करून पुसावेत. त्याला तासभर लागतो आणि तो तास पुढे वसूल होतो.

एक गोष्ट मात्र करू नये. चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप असतात, ती आधी वापरू नयेत. धूसर चेहऱ्यात डोळ्यांच्या कडा आणि पापण्यांचे केस ती ॲप स्वतःच्या मनाने भरतात. मग दातांचं जे झालं तेच डोळ्यांचं होतं, आणि तेही व्हिडिओ करायच्या आधीच.

चेहरा किती मोठा हवा

बहुतेकांचे व्हिडिओ इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॉडेल आपलं चित्र पिक्सेल-पिक्सेल हाताळत नाही. ते आधी दाबून लहान करतं, त्या लहान रूपात सगळी हालचाल घडवतं आणि शेवटी परत फुगवतं. घरच्या मशीनवर चालवता येणारं Wan 2.2 घ्या. त्याचं मोठं, 14B मॉडेल लांबी-रुंदीला आठपट दाबतं, म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन तिथे एक घर होतो. माझा पूर्ण फोटो १२८० पिक्सेल रुंदीचा केला तेव्हा आजीचा चेहरा ५६ पिक्सेलचा झाला. भाग आठ, म्हणजे सात घरं. डोळे, नाक, ओठ, कुंकू, नथ हे सगळं आडव्या सात घरांत. पहिल्या फ्रेमपुरता टूलला फोटोचा आधार असतो. पुढे त्या सात घरांतून चेहरा परत उभा करताना तो कुणाही बाईचा होतो. गर्दीच्या फोटोत मागच्या रांगेतले चेहरे मेणासारखे वितळतात, त्याचंही कारण हेच.

मूळ फोटोवर आजीचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे. पण ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये तोच १४४ पिक्सेलचा आहे. म्हणून मी एकाऐवजी दोन शॉट करायचे ठरवले. पहिला पूर्ण फोटोचा. त्यात चेहरे अजिबात हलू द्यायचे नाहीत, फक्त फांदी आणि पदर. दुसरा स्कॅनमधून फक्त आजीभोवतीचा १२८० बाय ७२० पिक्सेलचा तुकडा, लहान-मोठा न करता तसाच कापलेला. त्यात चेहऱ्याला अठरा घरं मिळतात आणि पापणी मिटण्याएवढी हालचाल निभावते. माझ्या अनुभवात चेहरा शंभर पिक्सेलच्या खाली असेल तर त्याला हात लावू नये.

दाबणं वेळेतही होतं. या मॉडेलचा व्हिडिओ ८१ फ्रेमचा, सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांचा. त्यातली पहिली फ्रेम वेगळी आणि पुढच्या ८० चार-चारच्या गठ्ठ्यांत. झटकन होणारी कुठलीही गोष्ट, टाळी म्हणा किंवा मान झटकणं, या गठ्ठ्यांत फासली जाते. संथ हालचाल मागण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकंच हेही कारण आहे.

कापणं स्वतःच करावं. माझा स्कॅन १६:९ मध्ये बसवायला उंचीतले २४४ पिक्सेल सोडावे लागणार होते. मी ते खालच्या फरसबंदीतले सोडले. टूलवर सोपवलं असतं तर त्याने मधोमध कापून अर्धी पाटी नेली असती. आणि आपलं टूल नेमका कुठला आकार देतं ते आधी पाहावं: Wan 2.2 चंच छोटं, 5B मॉडेल १२८० बाय ७०४ देतं. पुढे मूळ फोटो व्हिडिओवर चढवायचा आहे, तेव्हा दोघांचा आकार तंतोतंत एक हवा.

काय लिहावं

सूचना इंग्रजीत लिहावी, आणि चित्रात काय आहे ते परत सांगत बसू नये. ते टूलला दिसतंच आहे. फक्त काय हलायचं आणि काय नाही, तेवढं लिहावं. पूर्ण फोटोसाठी मी शेवटी ठरवलेली सूचना अशी होती:

```
Static camera, tripod shot. Light breeze.
The leaves tremble gently. The loose end of the
woman's sari lifts slightly and settles.
Both people sit and stand still, lips closed.
```

समोर बघणारा चेहरा दिसला की या टूलांचा ओढा त्याला बोलतं करण्याकडे असतो. म्हणून ‘ओठ मिटलेले’ हे स्पष्ट लिहावं लागतं. ‘बोलू नये’ असं मुख्य सूचनेत लिहिलं तर बोलण्याचाच उल्लेख होतो आणि कधीकधी उलटा परिणाम दिसतो. नको त्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असेल तर त्या तिथे लिहाव्यात:

```
talking, open mouth, teeth, camera movement, zoom
```

घरच्या मशीनवर अशी मॉडेलं चालवायच्या ComfyUI या प्रोग्राममध्ये काम लवकर व्हावं म्हणून चार पायऱ्यांत व्हिडिओ देणारा जोड लावला असेल आणि CFG चा, म्हणजे सूचना किती जोराने पाळायची ते ठरवणारा, आकडा १ वर असेल, तर ही दुसरी चौकट काहीच करत नाही. तुम्ही तिथे काहीही लिहा, ते वाचलंच जात नाही. मी यात एक संध्याकाळ घालवली.

टेक काढणं

एकच सूचना आणि एकच फोटो दिला तरी प्रत्येक वेळी व्हिडिओ वेगळा येतो, कारण सुरुवातीचा गोंगाट वेगळा असतो. त्या गोंगाटाचा क्रमांक म्हणजे सीड. टूल सीड दाखवत असेल तर तो वहीत लिहून ठेवावा. काही बदलून पाहायचं असेल तेव्हा सीड तोच ठेवून सूचनेतला एकच शब्द बदलावा, नाहीतर फरक शब्दामुळे पडला की नशिबाने, ते कळत नाही.

वेळ किंवा क्रेडिट वाचवायला आधी कमी रिझोल्यूशनवर टेक काढावेत हे बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे. ४८० वर आवडलेला टेक त्याच सीडने ७२० वर काढला की वेगळाच येतो, कारण चित्राचा आकार बदलला की गोंगाटही बदलतो. तेव्हा लहान आकारावर सूचना पक्की करावी आणि अंतिम आकारावर नव्याने टेक काढावेत.

पूर्ण फोटोचे मी सहा टेक काढले. पहिल्यात सूचना देऊनही कॅमेरा हळूहळू आत सरकला. दुसऱ्यात डाव्या कडेने एक अनोळखी माणूस दुकानात शिरला. तिसऱ्यात पानं इतकी हलली की वादळ वाटावं. चौथ्यात आजोबांची हँडलवरची बोटं चाराची पाच झाली. पाचव्यात फांदी आणि पदर दोन्ही अगदी हवे तसे हलले, पण पाटी बिघडली. सहावा जवळजवळ स्थिरच राहिला. मी पाचवा निवडला. पाटी दुरुस्त करता येते. वाऱ्याची चांगली झुळूक पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

बिघाड कसा ओळखावा

मोबाइलवर नेहमीच्या वेगाने पाहिलं तर सगळे टेक चांगलेच वाटतात. व्हिडिओ VLC मध्ये उघडावा आणि E ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्यावी. पहिल्यांदा बोटं बघावीत, मग ओठ आणि डोळे, मग अक्षरं, मग चारही कडा, कारण नको ती माणसं कडेनेच येतात. त्यानंतर ffmpeg या टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या व्हिडिओ प्रोग्रामने शेवटची फ्रेम काढून मूळ फोटोशेजारी ठेवावी:

```
ffmpeg -sseof -0.2 -i clip.mp4 -update 1 last.png
```

चेहरा हळूहळू बदलतो, म्हणून चालत्या व्हिडिओत तो बदल डोळ्यांना कळत नाही. दोन चित्रं शेजारी ठेवली की लगेच दिसतो: हनुवटी निमुळती झालेली, त्वचा गुळगुळीत, वय दहा वर्षांनी कमी. ज्याने त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलंय त्याला हे चित्र दाखवावं. माझ्याकडे आत्या होती.

देवनागरी अक्षरांचा बिघाड तर ठरलेला. पाचव्या टेकमध्ये दुसऱ्या सेकंदापर्यंत पाटी वाचता येत होती. मग ‘भाड्याने’ मधल्या ‘ड्या’ची गाठ सुटली, मात्रा शिरोरेखेत विरघळली आणि शेवटी शिरोरेखेला लटकलेली नुसती वेटोळी उरली. टूल अक्षर म्हणून अक्षर जपत नाही. त्याच्या लेखी ती भिंतीवरची नक्षी. पुण्यातल्या जुन्या फोटोंत कुठे ना कुठे पाटी असतेच, आणि घरचे लोक पहिल्यांदा तीच वाचतात.

मूळ फोटो वरून चढवणं

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती ही आहे. कॅमेरा पूर्ण स्थिर असेल तर व्हिडिओतला जो भाग हलायला नको, तिथे मूळ फोटोच परत ठेवता येतो. पाटी, आजोबा, आजीचा चेहरा, सायकल हे सगळं मूळ फोटोतलं, आणि टूलने रचलेलं फक्त फांदी आणि पदराचं टोक.

त्यासाठी टूलला दिलेलं १२८० बाय ७२० चं चित्र GIMP मध्ये उघडायचं, पुसलेला भाग पारदर्शक व्हावा म्हणून अल्फा चॅनेल जोडायचा आणि मऊ कडेच्या खोडरबराने फक्त फांदीचा आणि पदराचा भाग पुसून तिथे भोक पाडायचं. कड पंधरा-वीस पिक्सेल विरत जाणारी असावी. भोक हालचालीपेक्षा थोडं मोठं ठेवावं, नाहीतर पदराचं टोक कडेला जाऊन कापल्यासारखं नाहीसं होतं. हे चित्र PNG म्हणून साठवायचं आणि व्हिडिओवर ठेवायचं:

```
ffmpeg -i clip.mp4 -i bhok.png -filter_complex \
"[0:v]scale=1280:720[v];[v][1:v]overlay=0:0,hue=s=0,noise=c0s=8:c0f=t" \
-c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p shot1.mp4
```

यातलं `hue=s=0` उरलीसुरली रंगाची झाक काढतं. `noise` चा भाग मी नंतर जोडला, आणि त्याची गरज का पडली ते सांगते. जुन्या फोटोला बारीक रवा असतो. टूल तो रवा पुसून टाकतं, त्यामुळे चढवलेला भाग रवाळ आणि भोकातला भाग गुळगुळीत दिसतो, आणि ठिगळ लावल्यासारखं वाटतं. सगळ्या चित्रावर सारखा, प्रत्येक फ्रेमला बदलणारा हलका रवा टाकला की दोन्ही भाग एका कागदावर आल्यासारखे दिसतात. आठ हा आकडा माझ्या फोटोला पुरला. मोठ्या पडद्यावर पाहून कमी-जास्त करावा.

कड तरीही दिसत असेल तर दोनच शक्यता असतात. एक, व्हिडिओ मूळ चित्रापेक्षा किंचित उजळ किंवा काळपट झाला आहे. तो एडिटरमध्ये जुळवता येतो. दुसरी, कॅमेरा दोन-तीन पिक्सेल सरकला आहे. तेव्हा फांदी जिथे भिंतीला भिडते तिथे दुहेरी रेघ दिसते. अशा टेकवर वेळ घालवू नये, दुसरा काढावा.

पडद्यावर कॅमेरा सरकलेला हवाच असेल तर तो या पायरीनंतर, एडिटरमध्ये. पूर्ण तयार चित्र संथपणे पाच टक्के मोठं करत नेलं की डोळ्यांना तीच जाण मिळते आणि टूलला काही रचावं लागत नाही.

पाच सेकंदांचे दहा कसे करावेत

शेवटची फ्रेम पुढच्या व्हिडिओला पहिली म्हणून द्यायची, असा सल्ला सगळीकडे मिळतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर जे होतं तेच यात होतं: दुसऱ्या तुकड्यात चेहरा थोडा परका होतो, तिसऱ्यात पूर्ण. फांदी आणि पदरासाठी मी साधा मार्ग घेतला, तोच व्हिडिओ पुढे आणि मग उलटा:

```
ffmpeg -i shot1.mp4 -filter_complex \
"[0:v]split[a][b];[b]reverse[r];[a][r]concat=n=2:v=1[v]" \
-map "[v]" -crf 16 shot1_10s.mp4
```

जे मागे-पुढे झुलतं त्यालाच हे चालतं. उदबत्तीचा धूर उलटा केला तर तो उदबत्तीत परत शिरतो, आणि पाऊस वर जातो. अशा वेळी पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम घेणारं टूल असेल तर दोन्हीकडे मूळ फोटोच द्यावा. मग सगळी हालचाल फोटोतून निघून फोटोतच परत येते आणि चेहराही फार दूर भटकत नाही. मात्र दोन्ही टोकं सारखी पाहून टूल कधीकधी काहीच हलवत नाही. चार-पाच टेक काढायची तयारी ठेवावी.

आजीच्या जवळच्या शॉटमध्ये मी एवढंच मागितलं की एकदा पापणी मिटावी आणि श्वासाने खांदे जरासे वर-खाली व्हावेत. तिसऱ्या सेकंदापासून तिच्या ओठांची कोपरं उचलू लागली, म्हणून तो तीन सेकंदांच्या आत तोडला. उरलेला वेळ मूळ फोटो स्थिर ठेवला. फोटोवरून व्हिडिओवर जाताना पहिल्या एक-दोन फ्रेममध्ये उजेड किंचित बदलतो, तो झटका लपवायला अर्ध्या सेकंदाचा डिझॉल्व्ह पुरतो.

फोटोऐवजी चित्र असेल तर

दिवाळी अंकातलं रेखाचित्र किंवा मुलीने काढलेली वारली हलवायला दिली, तर अडचण वेगळी येते. टूल सपाट चित्राला खोली द्यायला जातं. वारलीतल्या दोन त्रिकोणांच्या माणसाला एक-दोन सेकंदांत गोलाई येते, पायाशी सावली पडते, आणि ती वारली राहत नाही. सूचनेत `flat 2D animation, no shading` लिहिल्याने थोडा फरक पडतो. रेघांचं चित्र असेल तर रेघांची जाडी सतत कमी-जास्त होत उकळल्यासारखी दिसते. माझं मत असं की सपाट चित्रासाठी हे टूल वापरूच नये. आकृत्या वेगवेगळ्या थरांवर कापून एडिटरमध्ये सरकवल्या तर कलाकाराची रेघ जशीच्या तशी राहते. खोली असलेलं जलरंगातलं निसर्गचित्र मात्र छान हलतं. ढग आणि पाणी एवढंच मागावं.

दाखवण्याआधी

गेलेल्या माणसाचा चेहरा हलवायचा तर त्याच्या जवळच्यांना आधी एकट्याने दाखवावा, भरल्या हॉलमध्ये पहिल्यांदा नको. आत्याने दोन्ही शॉट घरीच पाहिले. पदर हलताना ती काही बोलली नाही. पापणीचा शॉट संपल्यावर मात्र म्हणाली, “हा नको गं. नानांसोबतचाच ठेव.” मी जवळचा शॉट काढून टाकला. त्यावर माझे दोन दिवस गेले होते, पण आई तिची आहे.

हयात माणसांचा फोटो असेल तर त्यांना विचारल्याशिवाय तो कुठल्याही वेबसाइटवर चढवू नये. चढवलेल्या फोटोंचं ती सेवा काय करते ते तिच्या अटींमध्ये वाचावं. लहान मुलांचे चेहरे असलेले फोटो काही सेवा घेतच नाहीत. घरच्या मशीनवर टूल चालवलं तर फोटो बाहेर जात नाही, पण त्यासाठी चांगल्या ग्राफिक्स कार्डाची गरज पडते.

व्हिडिओच्या खाली पूर्ण वेळ ठळक ओळ ठेवावी: ‘छायाचित्र १९६६. पानांची व पदराची हालचाल संगणकाने रचलेली.’ व्हॉट्सॲपवर फिरत फिरत हा तुकडा वर्षभराने कुणाच्या तरी हाती पडतो आणि पुढच्या पिढीला ती त्या काळची खरी फिल्म वाटते. ओळ चित्रातच असली की सोबत जाते. सोबतचा मजकूर पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि आपण टाकलेल्या बारीक रव्याचे चौकोनी ठिपके होतात. हॉलवाल्यांना मी पेन ड्राइव्हच दिला, त्यात व्हिडिओसोबत मूळ स्कॅनही ठेवला, आणि आदल्या संध्याकाळी जाऊन त्यांच्या पडद्यावर एकदा लावून पाहिला. पडदा फार उजळ होता, भोकाची कड पिंपळाजवळ पुसट दिसत होती. घरी येऊन कड वीसवरून चाळीस पिक्सेल केली, आणि दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही.